आकृती मोठी करून भागत नाही : हृदयाचा धडा बोटांनी शिकवताना

आठवीच्या वर्गात माझ्याकडे एक मुलगी आहे. तिची आई पहिल्या पालकसभेला मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, सायन्सच्या आकृत्या तिनं सोडून दिल्या तर चालेल ना? तेवढे मार्क गेले तर गेले." मी पटकन "बघू" म्हणाले. त्या वेळी मनातून मलाही ते बरंच वाटलं होतं. आज वाटत नाही, आणि का वाटत नाही ते तुम्हाला सांगायचं आहे. माझ्यासारखे कितीतरी शिक्षक आणि त्या आईसारखे कितीतरी पालक हीच तडजोड करून मोकळे होतात.

मुलीला आर.पी. आहे, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा. या आजारात साधारणपणे आधी रात्रीचं दिसणं कमी होतं, मग बाजूचं दिसणं जातं आणि मधला तेवढा भाग बराच काळ टिकतो. पुंगळीतून पाहिल्यासारखं दिसतं म्हणा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीची व्याख्या दोन बाजूंनी केली आहे. एक, चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर 6/18 पेक्षा कमी आणि 3/60 पर्यंत. दुसरी, दृष्टीचं क्षेत्र 40 अंशांपेक्षा कमी आणि 10 अंशांपर्यंत. आपण शिक्षक पहिलीच बाजू धरून चालतो. कमी दिसतं ना, मग मोठं करून द्या. मीही तेच केलं. 'मानवी शरीर व इंद्रिय संस्था' या पाठातली हृदयाची आकृती ए-थ्री कागदावर रंगीत झेरॉक्स करून आणली, चांगले पैसे मोजून. ती कागदावर वाकली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बाई, यात नुसतं निळंच आहे."

हिशोब नंतर केला. तिच्या रिपोर्टमध्ये दृष्टिक्षेत्र सुमारे 20 अंश लिहिलंय. वाचताना कागद डोळ्यांपासून 30 सेंटिमीटरवर असतो. तेवढ्या अंतरावर 20 अंशांत मावतं ते जेमतेम साडेदहा सेंटिमीटर रुंदीचं वर्तुळ. पुस्तकातली तळहाताएवढी आकृती तिला एका नजरेत जवळपास पूर्ण दिसत होती. मी ती मोठी करून फोडून टाकली. आता एका वेळी एकच कप्पा दिसणार, तो कशाला जोडलाय ते नाही. हेच मोठं चित्र नजर अंधुक असलेल्या, उदाहरणार्थ अल्बिनिझम असलेल्या मुलाला उपयोगी पडलं असतं. म्हणून झेरॉक्सवाल्याकडे जाण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर दोन गोष्टी बघा : नजर किती आणि क्षेत्र किती. पालकांनो, तो कागद शाळेत द्या. आपण बहुतेक वेळा फक्त दिव्यांग प्रमाणपत्राची झेरॉक्स देतो. त्यावरच्या टक्केवारीतून मुलाला कसं दिसतं ते काही कळत नाही.

मग मी स्वतःला विचारलं, या आकृतीतून मुलांना नेमकं काय समजायला हवं? वहीत सुबक हृदय काढणं हा तर धड्याचा हेतू नाही. माझ्या मते चार गोष्टी आहेत. हृदयाला चार कप्पे असतात आणि डावी-उजवी बाजू पडद्याने पूर्ण वेगळी असते. रक्त एकाच दिशेने जातं, कारण झडपा आहेत. उजव्या बाजूचं रक्त फुप्फुसांकडे जातं, डाव्या बाजूचं सगळ्या शरीराकडे. आणि म्हणूनच डाव्या जवनिकेची भिंत सगळ्यात जाड असते. या चार गोष्टी बोटांना कळल्या की बाकी नावं पाठ करणं तिला काहीच जड नाही. हृदयावरच्या छोट्या रक्तवाहिन्या, चरबी, शिरांचे फाटे, सगळं मी गाळलं. पहिल्या प्रयत्नात गाळलं नव्हतं. थर्मोकोलचं हृदय, त्यावर मणी, लोकर, टिकल्या, सुतळी असे आठ-दहा प्रकार चिकटवले. प्रदर्शनात बक्षीस मिळालं असतं. पण बोटांना मणी आणि झडप सारखेच महत्त्वाचे लागत होते. डोळे एका क्षणात ठरवतात की हे मुख्य आणि ती सजावट. बोटांना तसं ठरवता येत नाही, प्रत्येक उंचवटा त्यांना विचारपूस करायला लावतो.

आता चाललेलं मॉडेल सांगते. बुटाच्या खोक्याचं झाकण घेतलं, साधारण 30 बाय 20 सेंटिमीटरचं. दोन्ही हातांच्या बोटांत मावायला हे माप बरं पडतं. तळाला काळा कार्डशीट लावला, चकचकीत नसलेला. भिंती मिठाच्या कणकेच्या : दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, लागेल तसं साधारण वाटीभर पाणी. भिंतींना पिवळा डिस्टेंपर दिला. काळ्यावर पिवळं तिला उरलेल्या नजरेनेही दिसतं, आणि ती नजर वापरायलाच हवी. अल्पदृष्टीच्या मुलाला डोळे मिटून चाचपायला लावण्यात काही अर्थ नाही. वॉर्निश मात्र लावू नका. ते चकाकतं, आणि खिडकीचा उजेड त्यावर पडला की आहे तेही दिसेनासं होतं. मॉडेल ठेवताना खिडकी मुलाच्या पाठीशी किंवा बाजूला असू द्या, समोर नको.

खऱ्या हृदयात डाव्या जवनिकेची भिंत उजवीच्या साधारण तिप्पट जाड असते. मी उजवी भिंत 8 मिलिमीटर आणि डावी अडीच सेंटिमीटर केली. जाड भिंत नुसत्या कणकेची केली तेव्हा वाळताना तडकली. दुसऱ्यांदा आत थर्मोकोलची पट्टी घालून वरून कणकेचा थर दिला, मग टिकली. वाळायला तीन दिवस धरा. पावसाळ्यात मीठ ओल धरतं, म्हणून जूनच्या आत करून ठेवलेलं बरं.

निळ्या-लाल रंगाऐवजी उजव्या कप्प्यांच्या तळाला पॉलिश पेपर आणि डाव्या कप्प्यांना मऊ सॅटीनचं कापड लावलं. बस, दोनच पोत. फुप्फुस म्हणून वर एक स्पंज. खरखरीत रक्त स्पंजापर्यंत जातं आणि मऊ होऊन परत येतं. याचा एक फायदा मी धरलाच नव्हता. शरीरातलं काही रक्त निळं असतं असं माझ्या वर्गातल्या निम्म्या डोळस मुलांना वाटत होतं. 'खरखरीत म्हणजे ऑक्सिजन कमी असलेलं, ही फक्त आपली खूण आहे' असं सांगितल्यावर एकाने विचारलं, "मग निळंपण खूणच का?" हो बाबा, खूणच. ऑक्सिजन कमी असला तरी रक्त लालच असतं, फक्त गडद.

झडपा हा या मॉडेलचा जीव आहे. जुन्या एक्स-रे फिल्मचे तीन सेंटिमीटर रुंद तुकडे कापले, एका कडेला कापडी चिकटपट्टीची बिजागरी केली आणि कर्णिकेच्या अंगाला अडेल अशा बेताने भिंतीला एक छोटी कड ठेवली. कर्णिकेतून जवनिकेकडे बोट ढकललं की फिल्म उघडते. जवनिकेतून वर ढकललं की कडेला अडकून बंदच राहते. मुलीने बोट आत घातलं, बाहेर काढलं, परत वर ढकलून पाहिलं आणि हसली. "जाऊच देत नाही की!" चित्रातल्या झडपेबद्दल आजवर माझ्या एकाही विद्यार्थ्याने असं म्हटलेलं नाही. चित्रातल्या त्या दोन तिरक्या रेषा उघडतात की मिटतात, हे चित्र बघून कळतच नाही. जवनिकेतून बाहेर जाणाऱ्या दोन्ही नळ्यांच्या तोंडाशी अशीच झडप लावली, बाहेर उघडणारी. नळ्या म्हणजे बागेतल्या पाइपचे तुकडे.

विल्यम हार्वेने 1628 साली रक्ताभिसरणावर पुस्तक लिहिलं. त्यात दंडाला पट्टी बांधून फुगवलेल्या शिरेवर बोट दाबून त्याने दाखवलं की शिरेतलं रक्त एकाच दिशेने सरकतं, उलट ढकललं तर झडपेपाशी अडतं. म्हणजे बोटाने झडप ओळखायची युक्ती माझी नाही, जवळजवळ चारशे वर्षं जुनी आहे.

मॉडेल झालं की काम झालं असं मला वाटलं होतं. पण मॉडेल बोलत नाही. पहिल्या दिवशीचं माझं बोलणं असं होतं : "हे बघ, रक्त इथून येतं, मग इकडे जातं, तिथून वर." तिने शांतपणे विचारलं, "इथून म्हणजे कुठून?" फळ्यासमोर उभं राहून वीस वर्षं 'इथून-तिथून' म्हणायची सवय. तुम्हीही एकदा मोबाइलवर आपला तास रेकॉर्ड करून बघा, फक्त आवाज ऐका. डोळस मुलांनाही त्यातलं किती कळलं असेल, असा प्रश्न पडेल.

आता मी वर्णन आधी लिहून काढते. आधी सगळं मिळून काय आहे ते, मग एक ठरलेली खूण, मग तिथून वाट. असं :

"तुझ्यासमोर एक आडवी पेटी आहे, वहीच्या दोन पानांएवढी. हात तिच्या चारही कडांवरून फिरव. मधोमध वरून खाली एक जाड भिंत आहे, ती सापडली की सांग. सापडली? ही आपली खूण, हरवलीस की इथे परत यायचं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एक वर, एक खाली असे दोन-दोन कप्पे आहेत. आता ज्या बाजूचा तळ खरखरीत लागतो तिथल्या वरच्या कप्प्यात बोट ठेव. ही उजवी कर्णिका. शरीरातून परत आलेलं रक्त इथे जमतं. बोट खाली सरकव. काहीतरी हललं? ती त्रिदली झडप. तिच्यातून खाली उतर, आता तू उजव्या जवनिकेत आहेस."

एका वेळी एकच सूचना द्यायची, आणि तिचं बोट पोचेपर्यंत गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला सगळ्यात अवघड गेलं. आणखी एक. घाईत आपण मुलाचा हात धरून जागेवर नेऊन ठेवतो. तिच्या आईनेही घरी तसंच केलं होतं. हात दुसऱ्याने ओढला की बोटं ताठ होतात, शोधत नाहीत. त्यापेक्षा आपला हात मॉडेलवर ठेवा आणि तिला तिचा हात आपल्या हातावर ठेवू द्या. वाट दाखवून झाली की आपला हात अलगद खालून काढून घ्या.

मग डाव्या-उजव्याचा घोळ. टेबलावर ठेवलेल्या मॉडेलमध्ये उजवी कर्णिका तिच्या डाव्या हाताशी येते, कारण पुस्तकातली आकृती आपल्यासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या हृदयाची असते. डोळस मुलं 'बाई म्हणतात म्हणून' मान्य करतात. तिने मान्य केलं नाही, आणि तेच बरोबर होतं. मॉडेल उचलून तिच्या छातीशी धरलं, तोंड बाहेर. तिने दोन्ही हातांनी पुढून चाचपलं : जाड भिंत तिच्या स्वतःच्या डाव्या बाजूला. मग तेच मॉडेल समोर उभ्या मैत्रिणीच्या छातीशी धरलं. आता जाड भिंत मैत्रिणीच्या डावीकडे, म्हणून तिच्या उजव्या हाताशी. दोन मिनिटं लागली. त्यानंतर अख्ख्या वर्गाने ते करून पाहायचा हट्ट धरला आणि तास तिथेच संपला.

इथपर्यंत सगळं छान वाटत होतं. आठवड्याने मी तिला तोंडी विचारलं, हृदय ठोका कसं देतं? तिने ठामपणे सांगितलं, "आधी उजवी बाजू दाबली जाते, मग रक्त फुप्फुसात जाऊन येतं, मग डावी बाजू दाबली जाते. लब म्हणजे उजवी, डब म्हणजे डावी."

मला धक्का बसला. पण दोष तिचा नव्हता, माझ्या मॉडेलचा होता. बोट एका वेळी एकाच ठिकाणी असतं. मी तिला रक्ताच्या एका थेंबाची वाट शिकवली आणि तिने ती हृदयाची वेळ समजली. खरं तर दोन्ही कर्णिका एकदम आकुंचन पावतात, मग दोन्ही जवनिका एकदम. उजवी जवनिका एक रक्त फुप्फुसांकडे ढकलत असते, त्याच क्षणी डावी जवनिका दुसरं, आधी फुप्फुसांतून येऊन गेलेलं रक्त शरीराकडे ढकलते. स्पर्शाने शिकवताना हा धोका कायम राहतो : एकाच वेळी घडणारी गोष्ट एकामागून एक घडल्यासारखी वाटते. आणि तो कळतो फक्त मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावलं तरच. नावं विचारली असती तर तिने सगळी बरोबर सांगितली असती आणि मी खुशीत पुढच्या पाठाला गेले असते.

त्यावर उपाय साधा निघाला. एक परात, दोन भिजलेले स्पंज. दोन्ही हातांत एकेक स्पंज धरून एकदम दाबायचे, पाणी दोन्हीकडून एकदम बाहेर. डावा स्पंज जास्त जोराने दाबायचा, कारण त्याला लांब पाठवायचंय. दाब, सोड, दाब, सोड. मग कान. रेने लायनेक या फ्रेंच डॉक्टरने 1816 मध्ये कागदाची सुरळी करून छातीचे ठोके ऐकले, त्यातूनच स्टेथोस्कोप आला. आम्हीही वही गुंडाळली, एक टोक मैत्रिणीच्या छातीवर, दुसरं तिच्या कानाशी. मैदानाला एक फेरी मारून आल्यावर आणि वर्गातला पंखा बंद केल्यावर नीट ऐकू येतं. लब म्हणजे कर्णिका आणि जवनिकांमधल्या दोन्ही झडपा मिटल्याचा आवाज. डब म्हणजे बाहेर जाणाऱ्या नळ्यांच्या तोंडाच्या झडपा मिटल्याचा. तिने एका हाताने सुरळी धरली आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने मॉडेलमधली फिल्म टकटक मिटवत बसली, ठोक्याबरोबर. "म्हणजे मला दारं लागल्याचं ऐकू येतंय," म्हणाली.

हे मॉडेल काय करू शकत नाही तेही सांगते. ते धडधडत नाही. त्यातल्या नळ्या सरळ वर जातात, खऱ्या हृदयात त्या एकमेकींना वळसा घालतात. आणि ते खऱ्यापेक्षा बरंच मोठं आहे. म्हणून शेवटी तिला स्वतःची मूठ वळायला सांगितली, साधारण एवढं हृदय. मोठ्या माणसाच्या हृदयाचं वजन कळावं म्हणून 300 ग्रॅम तांदळाची पिशवी हातात दिली. ती म्हणाली, "एवढंसंच?"

आता त्या आकृतीच्या मार्कांबद्दल. माझ्या चाचणीत 'हृदयाची आकृती काढून नावे द्या' हा प्रश्न तिच्यासाठी मी बदलला : मळलेली कणीक आणि ताट देते, चार कप्पे कर, जाड भिंत कुठली ते दाखव, आणि एका थेंबाचा प्रवास बोट फिरवत सांग. काही सहकाऱ्यांना ही सवलत वाटली. मला तसं वाटत नाही. घोकलेली आकृती न समजता काढता येते, दरवर्षी चाळीस वह्यांत मी ती पाहते. न समजता कणकेत डावी भिंत जाड करता येत नाही. उलट वर्गातल्या चार डोळस मुलांनीही तोच प्रश्न मागून घेतला, आणि त्यांतल्या दोघांनी उजवी भिंत जाड केली.

खर्चाचं म्हणाल तर दोनशे रुपयांच्या आत झालं, ए-थ्री झेरॉक्सचे धरून. वेळ मात्र लागतो. या एका धड्याला माझे तीन तास जास्त गेले आणि पुढचा एक पाठ मी उरकला, हे कबूल करते. सगळ्या पाठांना हे जमणार नाही. मी वर्षाला तीन-चार आकृत्या निवडते, ज्यांच्यावर पुढचं शिकणं उभं आहे अशा.

आणि तिच्या आईला मी दुसऱ्या पालकसभेत सांगितलं ते इथेही सांगते. आर.पी. सहसा वाढत जाणारा आजार आहे. दहावीपर्यंत तिचं वर्तुळ आणखी लहान झालेलं असू शकतं. आज थोडं दिसतंय तोवरच बोटांना शोधायची आणि कानांना वर्णन ऐकून मनात चित्र उभं करायची सवय लागली, तर तेव्हा तिला हे सगळं नव्याने शिकावं लागणार नाही. आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ती पेटी दोन दिवस घरी नेऊ का? तिच्या बाबांना दाखवायचीय."

पेटी परत आली तेव्हा द्विदली झडपेची बिजागरी सुटलेली होती. मुलीनेच चिकटपट्टी लावून ती दुरुस्त केली. आधी उलटी लावली होती, मग खालून बोट घालून बघितलं आणि काढून सुलटी केली.